चष्मा काढलेला फोटो

सोलापूरच्या पूर्व भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. दिवंगतांचे फोटो भिंतीवरच्या फ्रेमसाठी नीट करून देणं हे माझं नेहमीचं काम. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम केलेल्या एका गृहस्थांचा फोटो त्यांच्या मुलानं आणला. जाड भिंगाचा चष्मा होता आणि डाव्या काचेवर फ्लॅशचा पांढरा पट्टा आला होता. "चष्मा काढा, डोळे दिसू देत," एवढंच तो म्हणाला.

मी घाई केली. उजवा डोळा स्वच्छ दिसत होता, तो कॉपी करून उलटवला आणि डावीकडे बसवला. फ्रेमची दांडी, गालावरची सावली, नाकावरचे वळ सगळं हीलिंग ब्रशनं साफ पुसलं. त्या गृहस्थांच्या पत्नी फोटो न्यायला आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे आमचे मालक न्हाईत." पैसे परत केले, पण त्या चेहऱ्यानं मला कितीतरी दिवस झोपू दिलं नाही.

चूक कुठे झाली ते नंतर सापडलं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका उजव्या डोळ्यात घड्याळातल्या दहाच्या जागी होता. उलटवलेल्या डोळ्यात तो दोनवर गेला. एकाच खिडकीचा उजेड दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडायला हवा. शिवाय वयानं त्यांची डावी पापणी जरा जास्त उतरली होती, तो उतार मी घालवला होता.

त्याहून मोठी गोष्ट भिंगाची. उणे नंबरचं भिंग डोळा लहान दाखवतं. उणे सहाच्या काचेमागे तो सात-आठ टक्क्यांनी लहान दिसतो. नुसती फ्रेम पुसली की चेहऱ्यात बारीक डोळे उरतात. कानशिलाजवळ गालाची कडाही काचेतून आत सरकलेली दिसते. म्हणून मी आता चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी मागतो, डोळा वेगळ्या लेयरवर घेऊन तेवढा वाढवतो आणि कानशिलाची रेघ काचेबाहेरच्या कडेला जुळवून नव्यानं काढतो.

फ्रेमखाली झाकलेली पापणीची घडी अंदाजानं काढू नये. त्याच माणसाचा बिनचष्म्याचा फोटो मिळवावा, लग्नातला असला तरी चालेल. त्यातून फक्त घडीचा आकार घ्यायचा. कातडी मात्र आताच्या फोटोतल्या गालाचीच, नाहीतर साठीच्या चेहऱ्यात पंचविशीच्या पापण्या येतात.

नाकावरचे वळ पूर्ण पुसू नयेत. मी ते वेगळ्या लेयरवर पुसतो आणि त्या लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणतो. तीस वर्षं चष्मा लावलेल्या नाकाला ती खूण असतेच, आणि घरची माणसं ती ओळखतात.

बुबुळ चकाकीखाली पूर्ण गेलं असेल आणि दुसरा फोटो नसेल, तर चष्मा काढायचं काम घेऊ नका. चकाकी जमेल तेवढी कमी करा आणि चष्मा राहू द्या.