रात्रीचा वाद आणि अपुरे राहिलेले काम

दिवसाचे काम आटोपून आपण अंथरुणाला पाठ टेकता आणि दुपारी कार्यालयात झालेली बोलाचाली मनात पुन्हा सुरू होते. बिनतोड उत्तर आता सुचते. परंतु ते ऐकणारा समोर नसतो. म्हणून वाद मिटत नाही, पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू होतो. याला विचारांचे रवंथ म्हणता येईल. फरक इतकाच की गुरांच्या रवंथाने अन्न पचते, याने काहीच पचत नाही.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ मध्ये असे मांडले की, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही. तरीही रात्रीच्या वादाचे स्वरूप समजण्यास तो उपयोगी आहे, कारण असा वाद म्हणजे पुढची पायरी न ठरलेले काम होय.

एक कल्पित उदाहरण पाहू. पतसंस्थेतील एका रोखपाल बाईंच्या हिशेबात चारशे रुपयांची तूट आली आणि व्यवस्थापक त्यांना ग्राहकांसमोर बोलले. रात्री त्यांनी वहीत लिहिले, ‘साहेब असे का वागले?’ या प्रश्नाला शेवट नाही. त्याने झोप अधिकच उडेल. दुसऱ्या दिवशी जेवणापूर्वी त्यांनी लिहिले, ‘उद्या दहा वाजता पावत्या रोकडवहीशी ताडून पाहणे. दुपारच्या सुट्टीत साहेबांना सांगणे: चूक दाखवा, पण ग्राहकांसमोर नको.’ येथे वेळ, कृती आणि बोलावयाचे वाक्य ठरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग सत्तावन्न तरुणांपुरताच होता आणि त्यात भांडणांचा प्रश्न नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

लिहूनही वाद परतला तर? रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पद्धत येथे लागू पडते. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठावे. घड्याळ पाहू नये. मंद उजेडात दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठावे, रविवारीसुद्धा. रोज अंथरुणात जागून वाद घातल्याने अंथरूण हीच वादाची खूण बनते. ती सवय मोडणे हा येथे हेतू आहे. (हे पाठ्यपुस्तकही अंथरुणात वाचू नये.) उठून मोबाइलवर कार्यालयाचा गट उघडला, तर पद्धत तेथेच फसते. पहिल्या काही रात्री झोप कमीच होते. त्यामुळे वाहन वा यंत्र चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ही पद्धत वापरावी. आठवड्यातून तीन वा अधिक रात्री, सलग तीन महिने झोप बिघडत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश असू शकतो व त्याची तपासणी करून घ्यावी.