दहा लाख व्ह्यूज, वीस डॉलर

१. ‘काका, शॉर्ट्सचे महिन्याला किती पडतात?’ असं कुणी विचारलं की मी यूट्यूब स्टुडिओ उघडून आरपीएम दाखवतो. यूट्यूबचा वाटा वजा जाता हजार व्ह्यूजमागे आपल्या पदरात काय पडतं, ते तिथे कळतं. माझ्या मराठी पाककृतींच्या चॅनेलवर शॉर्ट्सचा हा आकडा सेंटांत असतो. दोन सेंट धरा. दहा लाख व्ह्यूजचे झाले वीस डॉलर. आणि अ‍ॅडसेन्स तर १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. म्हणजे पन्नास लाख व्ह्यूज होईपर्यंत खात्यात काहीच जमा होत नाही. शिवाय हे पैसे ‘एंगेज्ड व्ह्यूज’वर मिळतात. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. लगेच अंगठ्याने वर सरकवणाऱ्यांमुळे व्ह्यूज फुगतात, कमाई नाही.

२. ‘मॉनेटाइज झालो’ म्हणून पेढे वाटण्याआधी कुठल्या पायरीवर आहोत ते बघा. ५०० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज झाले, की मेंबरशिप, प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेले पैसे वगैरे सुरू होतं. जाहिरातींसाठी १००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. (मोठ्या व्हिडिओंचे वर्षात ४००० तास हा दुसरा रस्ता, पण शॉर्ट्स फीडमधला वेळ त्यात धरत नाहीत.) नव्या पोरांना सगळ्यात झोंबतं ते पुढचंच: पात्र ठरवणाऱ्या त्या एक कोटी व्ह्यूजचा एक पैसाही मिळत नाही. शॉर्ट्सच्या अटी मान्य केल्यावर जे व्ह्यूज येतील, त्यांचीच कमाई.

३. ‘गाणं लावलं की पैसे अर्धे होतात’ हे अर्धसत्य आहे. फीडमधल्या जाहिरातींचे पैसे दर महिन्याला एकत्र होतात. शॉर्टमध्ये एक गाणं असेल तर त्याच्या व्ह्यूजमागचा निम्मा पैसा संगीतवाल्यांकडे जातो, उरलेला सगळ्या क्रिएटरांच्या सामाईक रकमेत. गाणं नसेल तर पूर्ण पैसा या रकमेत येतो. मग प्रत्येक देशातल्या एकूण व्ह्यूजमध्ये तुमचा हिस्सा किती, त्यावर तुमची वाटणी ठरते आणि तिचे ४५ टक्के तुमचे. तुम्ही स्वतः गाणं वापरलं की नाही, याने हे ४५ टक्के बदलत नाहीत. गाणी काढून टाकून दर वाढेल या आशेवर राहू नका.

४. कोर्स विकणारे कमाईचा स्क्रीनशॉट दाखवतात. तो बहुतेकदा सगळ्या चॅनेलच्या कमाईचा असतो. मोठे व्हिडिओही त्यातच, आणि तिथे क्रिएटरचा वाटा ५५ टक्के. त्यांना फी देण्याआधी एकच मागा: कमाईच्या टॅबमध्ये ‘शॉर्ट्स फीड अ‍ॅड्स’ अशी वेगळी ओळ असते, ती उघडून दाखवा म्हणावं.