घोरणे, थांबणारा श्वास आणि न उतरणारा रक्तदाब

घोरणे ही गाढ झोपेची खूण आहे, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी रूढ आहे. दिवसभर कष्ट केलेला माणूस रात्री घोरू लागला की घरातील मंडळी ‘दमलेत बिचारे’ म्हणून समाधान मानतात. बहुतेकांच्या बाबतीत त्यात काळजीचे कारणही नसते. परंतु काही व्यक्तींचे घोरणे अखंड चालत नाही. आवाज वाढत जातो, एकाएकी बंद पडतो, काही क्षण अगदी शांतता पसरते आणि मग मोठ्या घुरघुराटासह श्वास पुन्हा सुरू होतो. वैद्यकाच्या दृष्टीने त्या घोरण्यापेक्षा मधली शांतता अधिक महत्त्वाची आहे, कारण त्या वेळी झोपलेल्या माणसाचा श्वास प्रत्यक्षात थांबलेला असतो. या विकारास ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’, म्हणजे झोपेतील अवरोधजन्य श्वासरोध, असे म्हणतात. औषधे चालू असूनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांमध्ये हा विकार पुष्कळदा आढळतो; आणि त्याची चौकशी मात्र क्वचितच होते.

श्वास थांबतो कसा?

नाकापासून फुप्फुसांपर्यंतच्या श्वासमार्गात बहुतेक ठिकाणी हाडाचा किंवा कूर्चेचा आधार आहे. अपवाद आहे तो पडजिभेच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणाऱ्या घशाच्या भागाचा. ही नळी केवळ मऊ मांसाची असते. श्वास आत घेताना छातीत जी ओढ निर्माण होते, तिच्यामुळे या नळीच्या भिंती आतल्या बाजूस खेचल्या जातात. जागेपणी जीभ पुढे धरून ठेवणारे आणि घसा ताणून ठेवणारे स्नायू ही ओढ परतवून लावतात. झोप लागताच हे स्नायू सैलावतात. घसा मुळात प्रशस्त असेल तर काही बिघडत नाही. परंतु गळ्याभोवती व जिभेत चरबी साठलेली असेल, किंवा खालचा जबडा आखूड व मागे सरकलेला असेल, तर नळी अरुंद होते. अरुंद नळीतून जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरू लागतात, तेच घोरणे. नळी पूर्ण मिटली की श्वास बंद. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर स्नायू आणखी सैल होतात, आणि म्हणून अशा रात्री त्रास वाढतो. जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक अंगाच्या माणसालाही हा विकार होऊ शकतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

घसा मिटला तरी छाती आपले काम थांबवीत नाही. तोंड बंद असलेला भाता ओढावा तसा श्वासाचा प्रयत्न चालूच राहतो, पण हवा आत येत नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. अखेर मेंदू सावध होऊन काही सेकंदांपुरती झोप मोडतो. स्नायू ताठ होतात, घसा उघडतो, घुरघुराट होतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, तर तो एक प्रसंग मानतात. तासाला असे ५ ते १५ प्रसंग घडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० घडल्यास मध्यम आणि ३० वा अधिक घडल्यास तीव्र समजला जातो. तासाला ३० प्रसंग म्हणजे दर दोन मिनिटांस एकदा झोप मोडणे होय. आठ तास अंथरुणावर काढूनही माणूस थकलेला का उठतो, याचा उलगडा येथे होतो.

रक्तवाहिन्यांवर व हृदयावर ताण

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा सुमारे १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदय व रक्तवाहिन्या यांना मिळणारी ही रोजची विश्रांतीच होय. श्वासरोधात ती हिरावली जाते. श्वास थांबून झोप मोडली की संकटप्रसंगी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था चेतविली जाते, रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वेगाने चालू लागते आणि रक्तदाब उसळी घेतो. तो खाली येतो न येतो तोच पुढचा प्रसंग उभा राहतो. रात्रीमागून रात्री असे घडत गेल्यावर ही मज्जासंस्था दिवसाही पूर्वस्थितीवर येत नाही. मग जागेपणीही, म्हणजे दवाखान्यात मोजताना, रक्तदाब चढलेलाच आढळतो. मूत्रल औषधासह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही दाब न उतरणाऱ्या रुग्णांत या विकाराचे प्रमाण विशेष मोठे आहे, त्याचे एक कारण हेच.

हृदयावर दुसराही भार पडतो. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब फार उतरतो आणि हृदयाच्या भिंती बाहेरच्या बाजूस ताणल्या जातात. डाव्या निलयास रक्त पुढे ढकलण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. अलिंदांच्या पातळ भिंती वारंवार ताणल्या जाऊन सैलावतात. नाडी अनियमित करणारा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा विकार अशा रुग्णांत अधिक आढळण्यामागे हा ताण असतो. ताणलेली अलिंदे मूत्र वाढविणारे एक संप्रेरकही रक्तात सोडतात. त्यामुळे रात्री दोन-तीनदा लघवीस उठावे लागते. पुष्कळ रुग्ण हा दोष मधुमेहाच्या किंवा वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या माथी मारतात आणि खरे कारण बाजूला राहते.

प्रश्नावलीची चाळणी

निदानाची खात्रीलायक पद्धत म्हणजे रात्रभर श्वास, प्राणवायू, नाडी व मेंदूच्या लहरी यांची नोंद घेणारी निद्रा-तपासणी. ती सर्वांची करणे शक्य नाही. म्हणून प्रथम प्रश्नावलीची चाळणी लावतात. टोरांटो येथील भूलतज्ज्ञ फ्रान्सेस चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांसाठी तयार करून २००८ साली प्रसिद्ध केलेली ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली सर्वांत सुटसुटीत आहे. तिच्यात आठ प्रश्न आहेत. मोठ्याने घोरता काय? दिवसा थकवा किंवा झोप येते काय? झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे काय? उच्च रक्तदाब आहे काय? याखेरीज वजन-उंची निर्देशांक ३५ हून अधिक, वय ५० हून अधिक, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आणि पुरुष असणे. प्रत्येक होकारास एक गुण. दोनपर्यंत गुण असल्यास शक्यता कमी, तीन-चार असल्यास मध्यम आणि पाच वा अधिक असल्यास मोठी.

एक उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांचे एक ग्रामसेवक रक्तदाबाच्या तीन गोळ्या नियमाने घेतात, तरी दाब १५६/९८ राहतो. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, म्हणजे निर्देशांक सुमारे ३१. गळ्याचा घेर ४२ सेंटिमीटर. ते एकटेच दवाखान्यात आले आहेत. घोरता का, असे विचारता ‘छे, तसे काही नाही’ म्हणतात. थकवा? ‘कामाचा असतोच तेवढा.’ श्वास थांबल्याचे त्यांना कसे ठाऊक असणार? त्यांना रक्तदाब, वय, गळा आणि पुरुष असणे एवढ्यांचे चार गुण मिळतात. पुढच्या खेपेस पत्नी सोबत येतात. त्या सांगतात, ‘यांचं घोरणं ओसरीवर ऐकू येतं. मधेच आवाज बंद पडतो, मी जीव मुठीत धरून बसते, मग एकदम दचकल्यासारखं करतात. ग्रामसभेतसुद्धा डुलक्या घेतात, लोक हसतात.’ तीन गुण वाढले आणि चाराचे सात झाले. माणूस तोच, गळा तोच; उत्तर देणारा बदलला. ही प्रश्नावली भरताना शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीस विचारल्यावाचून ती पुरी झाली असे मानू नये. पुढे तपासणीत या गृहस्थांच्या सहा तासांच्या झोपेत १९२ प्रसंग नोंदले गेले तर ताशी प्रमाण ३२ येते, अर्थात तीव्र विकार.

चाळणी म्हटली की तिच्या छिद्रांचा विचार आलाच. तीन गुणांवर बोट ठेवले तर विकार असलेले फारसे निसटत नाहीत, परंतु नसलेलेही पुष्कळ अडकतात. पन्नाशी उलटलेल्या रक्तदाबाच्या कोणत्याही पुरुषाचे तीन गुण आधीच झालेले असतात. स्त्रियांच्या बाबतीत उलट घडते. पुरुष असण्याचा गुण त्यांना मिळत नाही, त्या घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश वा सकाळची डोकेदुखी सांगतात, आणि रजोनिवृत्तीनंतर विकाराची शक्यता वाढत असूनही त्या चाळणीतून निसटतात. निर्देशांकाची ३५ ही मर्यादाही भारतीय बांध्यास फार वरची पडते. आपल्याकडे त्याहून कमी वजनात हा विकार दिसतो.

दुसरी प्रसिद्ध प्रश्नावली मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील मरे जॉन्स यांची, १९९१ सालची. वाचताना, सभेत बसल्यावर, दुपारी जेवणानंतर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. ही केवळ झोपाळूपणा मोजते. तीव्र श्वासरोध असूनही दिवसा झोप न येणारे रुग्ण थोडे नाहीत, म्हणून कमी गुणांवर विसंबून कोणास विकारमुक्त ठरवू नये.

उपचाराने रक्तदाब किती उतरतो?

सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली वर्णन केलेले ‘सीपॅप’ यंत्र आजही मुख्य उपचार आहे. नाकावरील मास्कमधून ते सतत हवेचा दाब देते आणि त्या दाबाने घसा मिटत नाही. घोरणे व दिवसाची झोप यांवर गुण पहिल्या काही दिवसांतच दिसतो. रक्तदाबाबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. सरासरी उतार दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तीन महिन्यांनंतर चोवीस तासांच्या सरासरी दाबात सुमारे तीन मिलिमीटरचाच फरक दिसला, मात्र जे रात्री अधिक तास यंत्र लावीत त्यांना अधिक लाभ झाला. म्हणजे ग्रामसेवकांच्या गोळ्या सुटणार नाहीत. त्यांच्या जोडीला यंत्र येईल.

हृदयविकाराविषयीचा निष्कर्ष याहून सावध करणारा आहे. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाले नाहीत. त्या गटातील रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री ३.३ तासच लावले होते, ही बाब अनेक तज्ज्ञ पुढे करतात. उरलेल्या झोपेत घसा पूर्वीप्रमाणेच मिटत होता. म्हणून यंत्र घेतलेल्या रुग्णाची पुढील भेट केवळ रक्तदाब मोजून संपवीत नाहीत. यंत्रातील नोंद पाहून ते रोज किती तास लागले याची मोजदाद होते, आणि मास्क कोठून गळतो, नाक चोंदते काय, रात्री तो कधी काढून ठेवला जातो, हे पुन्हा त्याच शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीस विचारले जाते.