त्याच विद्यापीठाकडे दुसऱ्यांदा अर्ज करताना

अमेरिकेतल्या ज्या विभागाने मला पीएच.डी.साठी नाकारले, तिथेच पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करून मी शिकायला गेले. विषय रेणवीय जीवशास्त्र. आता ऑक्टोबर उजाडला की पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून मुलामुलींचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, मागच्या वर्षी रिजेक्ट झालेय, हे त्यांना सांगायचं का?" उत्तर 'हो' असे आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. पण त्याआधी वर्षभरात काय बदलले ते पाहावे लागते, कारण काही बदललेच नसेल तर सांगण्यासारखेही काही उरत नाही.

नकाराचे कारण विद्यापीठे सहसा कळवत नाहीत. कधी ते अर्जात नसतेच. ज्या प्राध्यापकाबरोबर काम करायचे त्याच्याकडे त्या वर्षी जागा नसते, किंवा विभागाकडे पैसा नसतो. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेत जीववैद्यकीय संशोधनाच्या निधीची अनिश्चितता वाढली, तेव्हा अनेक विभागांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. त्या वर्षी नकार आलेल्यांनी सगळा दोष स्वतःच्या अर्जात शोधत बसू नये. तरीही विचारायला हरकत नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रवेश मिळालेल्यांचे होकार-नकार चालू असतात, म्हणून मे-जूनमध्ये विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला चार ओळींची ईमेल पाठवावी. निर्णय बदलण्याचा आग्रह धरू नये. पुन्हा अर्ज करणार आहे, कोणती बाजू भक्कम करू, एवढेच विचारावे. अनेकदा उत्तर येत नाही. मला आले ते एका वाक्याचे होते: संशोधनातला तुमचा स्वतःचा वाटा समितीला कळला नाही.

ते वाक्य हाती घेऊन मी जुना अर्ज वाचला. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये लिहिले होते की मला कर्करोगाच्या संशोधनाची आवड आहे आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी वेस्टर्न ब्लॉट, पीसीआर आणि पेशीसंवर्धन ही तंत्रे शिकले. तंत्रांची यादी तर माझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे होती. पुढचे वर्ष मी एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढले. तिथे एक ब्लॉट दर वेळी वेगळा येई. त्यातले एक प्रथिन कमी झाल्यासारखे दिसायचे आणि सगळे खूश व्हायचे, पण तुलनेसाठी लावलेला कंट्रोलचा पट्टाही त्याच नमुन्यात फिका असायचा. म्हणजे नमुनाच कमी भरला जात होता. मी प्रत्येक नमुन्यातले एकूण प्रथिन आधी मोजून सारखे केले, प्रयोग तीन वेगवेगळ्या संवर्धनांवर पुन्हा केला आणि तो फरक नाहीसा झाला. निष्कर्ष नकारात्मक होता, त्यावर शोधनिबंध झाला नाही. पण नव्या स्टेटमेंटचा मधला परिच्छेद याच ब्लॉटवर होता: शंका कशावरून आली, काय तपासले, काय सोडून द्यावे लागले. मुलाखतीत दोन प्राध्यापकांनी फक्त त्याबद्दलच विचारले. म्हणून सांगते, वर्षभरात पेपर आला नाही म्हणून हातपाय गाळू नका. मात्र तुम्ही स्वतः विचार करून निर्णय घेतला, असा एक तरी प्रसंग तुमच्याकडे हवा. तो नसेल तर एक वर्ष आणखी थांबून अर्ज करणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." मग तिन्ही पत्रे एकाच हाताची वाटतात: कष्टाळू, वर्गात पहिली, स्वभाव चांगला. शिवाय अर्ज भरताना 'ही पत्रे पाहण्याचा हक्क मी सोडते' अशा चौकटीत आपण खूण केलेली असते. 1974 च्या फर्पा या अमेरिकी कायद्याने तो हक्क विद्यार्थ्याला मिळतो आणि तो सोडला की पत्र मोकळेपणाने लिहिले गेले असे समिती धरते. पत्र स्वतःच लिहून ही खूण करणे सरळ खोटेपणाचे आहे. सरांना ड्राफ्ट देऊ नका, एका पानाचे टिपण द्या: कोणता प्रयोग केला, कुठे अडले, त्यांच्याशी कशावर चर्चा झाली. लिहिणे त्यांच्यावर सोडा. जुन्या तिघांपैकी मी एकाच मॅडमना पुन्हा विचारले, कारण आधीची मी आणि आताची मी यांतला फरक त्याच सांगू शकत होत्या. उरलेली दोन पत्रे प्रयोगशाळेतून घेतली. मागच्या वर्षीची पत्रे बहुतेक ठिकाणी आपोआप पुढे येत नाहीत, अर्जाचे शुल्कही पुन्हा भरावे लागते. टोफेलचे गुण दोनच वर्षे चालतात, जीआरईचे पाच, तेव्हा तारखा तपासा.

आता सांगण्याबद्दल. 'यापूर्वी इथे अर्ज केला होता का' असा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर 'हो' लिहा आणि सत्र व अभ्यासक्रम नेमका भरा. जुना अर्ज त्यांच्या नोंदीत असू शकतो आणि नाव, जन्मतारीख, ईमेल यांवरून तो सापडतो. स्टेटमेंटमध्ये यावर दोन वाक्ये पुरे: गेल्या वर्षी अर्ज केला होता, त्यानंतर हे काम केले. नकाराचे समर्थन किंवा रडगाणे नको. दुसऱ्या कोणत्या विद्यापीठांनी नाकारले हे विचारले नसेल तर सांगायची गरज नाही. आणि विद्यापीठाचा नकार म्हणजे व्हिसाचा नकार नव्हे. व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये व्हिसा नाकारला गेला होता का हे विचारतात, विद्यापीठातल्या प्रवेशाबद्दल नाही. यात घाबरून चुकीची खूण करणारे मी पाहिले आहेत.

खरी अडचण मधल्या वर्षात होते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने नकारानंतर एम.टेक.ला प्रवेश घेतला आणि एका सत्रानंतर सोडला. एक विषय राहिला होता, म्हणून नव्या अर्जात त्याने त्या संस्थेचे नावच टाकले नाही. शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांनी पत्रात सहज लिहिले, 'एम.टेक.च्या पहिल्या सत्रात तो माझ्या वर्गात होता.' प्रवेश मिळाल्यावर कागदपत्रे जुळवताना हे पुढे आले आणि प्रवेश रद्द झाला. राहिलेल्या एका विषयामुळे कदाचित काहीच बिघडले नसते. अर्जाच्या शेवटी 'दिलेली माहिती पूर्ण व खरी आहे' यावर आपण सही करतो, आणि ज्या ज्या संस्थेत नाव घातले त्या सगळ्या तिथे विचारलेल्या असतात, पदवी पुरी झालेली असो वा नसो. अर्धवट सोडलेल्या सत्राचे गुणपत्रक जोडा आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात कारण तीन ओळींत लिहा. बी.एस्सी.च्या केटीबद्दलही तेच.

दोन्ही अर्ज एकमेकांशी जुळायला हवेत. पहिल्यात प्रकल्प सहा महिन्यांचा आणि दुसऱ्यात वर्षाचा असेल तर शंका येणारच. पोर्टल काही महिन्यांत बंद होऊ शकते, त्यामुळे जुन्या अर्जाची पीडीएफ आजच उतरवून घ्या आणि नवा फॉर्म भरताना ती समोर ठेवा. जीवशास्त्राच्या बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, शिफारसपत्रांसाठी सरांना सप्टेंबरमध्येच सांगा.