संपूर्ण बेंगळुरू, तीस मिनिटांत

खानापूर

चि. ओंकार यास,


फोन केला असता तर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतला. मामीच्या मावसबहिणीचा जावई एचएसआर लेआउटमध्ये राहतो, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरी तू गेल्या महिन्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून गेला होतास. तिथल्या बाईंनी तुला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘लगेच आला, दहा मिनिटांत काम केलं.’ परवा त्यांच्याकडे पंख्याच्या कामाला दुसरा मिस्त्री आला. त्याने डीबीचं झाकण काढलं तर आरसीसीबी जागेवर, दांडा वर, आणि मागून येणाऱ्या-जाणाऱ्या वायरी थेट जोडलेल्या. डायरेक्ट! जावयाने मला फोटो पाठवला. अक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही.

ओंकार, दाजींचा उजवा हात तू रोज बघत वाढलास. तुला मी आणखी काय सांगू?

तुझी ती जाहिरात मग मी शेजारच्या पोराकडून मोबाइलवर काढून घेतली आणि शांतपणे वाचली. ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामं. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटर रिवाइंडिंग, सीसीटीव्ही, ईव्ही चार्जिंग. संपूर्ण बेंगळुरू. २४ तास. ३० मिनिटांत पोहोच.’ रिवाइंडिंग तू आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एकदा केलंस, आणि ती मोटर फिरलीसुद्धा नव्हती. एसीतला गॅस भरणं हे तर वेगळंच काम. पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, कारण एचएसआरच्या डीबीत जे झालं ते मला तुझ्या शेवटच्या तीन ओळींतच दिसतं. बोम्मनहळ्ळीत राहणारा पोरगा येलहंकेचं काम घेतो. ते पंचवीसेक किलोमीटर, मधे सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ. तीस मिनिटांत तिथे पोहोचणं संध्याकाळी कुणाच्याच हातात नाही. मग पहिल्या घरी उशीर, दुसऱ्या घराचा फोन वाजतोय, तिसरं रद्द केलं तर यादीत मागे पडायची भीती, आणि समोर न सापडणारं लीकेज. अशा वेळी हात आपोआप डायरेक्ट करायला जातो.

वर्गात शिकलेलं तू विसरला नसशील, तरी एकदा वाच. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची बरोबरी बघतो. तीस मिलीअँपियर वाटेत कुठे गळले, तर तो पडतो. तेवढाच करंट माणसाच्या अंगातून जात असेल, तर सोळा अँपियरच्या एमसीबीला पत्तासुद्धा लागत नाही. त्याच्या हिशेबी ते काहीच नाही. म्हणजे तू त्या घराचा दिवा लावून आलास आणि न्हाणीघराचा पहारेकरी घेऊन आलास. गिझर त्याच न्हाणीघरात आहे ना? त्यांची अर्थिंग धड आहे का, हे तरी तपासलं होतंस?

आणि खरा दोष शोधायला वेळ किती लागला असता, ते बघ. सगळे एमसीबी खाली पाड, आरसीसीबी वर कर. तो टिकला, तर एकेक एमसीबी वर घेत जा. ज्याने पडला, ती लाइन. बहुतेक घरांत ती गिझरची निघते, कॉइल फुटून पाणी आत शिरलेलं असतं. कधी गार असताना धरतो आणि पाणी तापल्यावर पडतो, तेव्हा गिझर चालू ठेवून थोडं थांबावं लागतं. सगळे एमसीबी खाली असूनही पडला, तर फेजकडे बघूच नकोस. साधा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. मेन बंद कर, न्यूट्रल लिंकमधून सगळे न्यूट्रल सोडव आणि एकेक लावून बघ. सगळे एमसीबी खाली असताना धरतो आणि एकाच खोलीतला कुठलाही भार चालू केला की पडतो, तर कुणीतरी त्या खोलीचा न्यूट्रल आरसीसीबीच्या बाहेरून घेतलेला असतो. इन्व्हर्टर बसवताना हे फार होतं. शेवटी मेन बंद करून, उपकरणांच्या पिना काढून ५०० व्होल्टचा मेगर लाव. एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन सोडायची नाही.

याला चाळीस मिनिटं ते तास लागतो, मान्य. पण वेळच नसेल तर? तर दोषी लाइन सापडली की मेन बंद करून तिचा फेज आणि न्यूट्रल, दोन्ही डीबीतून सोडव, टोकांना टेप लाव, ‘गिझर बंद, उद्या येतो’ अशी चिठ्ठी झाकणावर चिकटव आणि बाकीचं घर आरसीसीबीवर चालू करून दे. हेही दहा मिनिटांतलंच काम, आणि तारे कदाचित चार मिळाले असते. त्या घरात एक दिवस गार पाण्याने अंघोळ झाली असती, एवढंच.

तू म्हणशील, मामाला काय कळतं आताच्या धंद्यातलं. मी बेंगळुरूत पीन्याला होतो तेव्हा जाहिरात नव्हती, कंत्राटदार होता. त्याच्या लायसन्सवर मी वायरी ओढल्या, सही त्याची, पैसे त्याचे. सुपरवायझरच्या परीक्षेला बसायचं म्हणून फॉर्म आणून ठेवला होता. कन्नड बोलायला येत होतं, लिहायला जड जायचं, पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो. तेवढ्यात इकडे वडील आजारी पडले आणि मी बॅग उचलली. आजही इथे कुणाला लोड वाढवून हवा असेल, तर मी काम करतो आणि सही दुसऱ्याची लागते. त्याचं वाईट वाटतं, पण ते असो. तुझं वायरमन परमिट तू इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरेटकडून काढलंस, तेव्हा पेढे मी वाटले होते. त्या परमिटचा त्या जाहिरातीत उल्लेखसुद्धा नाही, याचं मला नवल वाटतं. आरओ दुरुस्त करणाऱ्यालाही ‘सर्व कामं’ लिहिता येतं, परमिट लिहिता येत नाही.

एचएसआरला जा, बाबा. पुढचं सगळं नंतर. जमलं तर आजच जा.

आता जाहिरात. कामं पाचच लिही: आरसीसीबी किंवा एमसीबी पडणं, घरातल्या काही भागातली लाइट जाणं, पंखा-स्विच-दिवे, गिझर आणि एसीचे पॉइंट, इन्व्हर्टरची जोडणी. कारच्या चार्जिंगचं नाव काढू नकोस. ३.३ किलोवॅटचा चार्जर चौदा-पंधरा अँपियर रात्रभर ओढतो. साधा सोळाचा सॉकेट त्याने वितळू शकतो. स्वतंत्र लाइन, मंजूर लोड, अपार्टमेंटची परवानगी, एवढं जमलं तर ते काम लायसन्सवाल्याच्या हाताखाली कर. मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावत नाही, हेही लिही. बाहेरची लाइट गेली तर ते बेस्कॉमचं काम, १९१२ वर फोन करायला सांग. शेजारच्यांचीही गेलीय का, हे फोनवर आधी विचारलंस तर निम्म्या फेऱ्या वाचतील.

भाग लिहायचे ते नावानिशी: बोम्मनहळ्ळी, होंगसंद्र, बेगूर, कुडलू, एचएसआर, बीटीएम. बस. गूगलवर धंदा टाकलास तर तिथेही वीसच भाग देता येतात, आणि एकूण हद्द दोन तासांच्या गाडीवाटेपलीकडे नेऊ नये असं तेही सांगतात. पण त्यांच्या दोन तासांत तुझं सगळं शहर बसतं, म्हणून ते माप धरू नकोस. तू तुझ्या स्कूटरवरून संध्याकाळी सात वाजता जिथे जाऊन पुन्हा परत येऊ शकतोस, तेवढी तुझी हद्द.

आणि वेळ. फोनला उत्तर पंधरा मिनिटांत, हे तुला पाळता येईल. खरी घाई तिथेच लागते. जळका वास येतोय का? येत असेल तर मेन बंद करा, बोर्डाला हात लावू नका, मी निघतोय. ‘टी’ बटण असलेला स्विच पडलाय की नुसता एमसीबी? एवढं विचारलंस की घाबरलेलं माणूस शांत होतं आणि पिशवीत काय घ्यायचं, तेही तुला कळतं. पोहोचायला दिवसा एक ते दीड तास लिही. संध्याकाळी सहा ते नऊ धोक्याचं काम असेल तरच, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. काम किती वेळात संपेल, हे लिहूच नकोस. ते बघितल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. चोवीस तास मात्र काढून टाक. झोपेतून उठून डीबी उघडणाऱ्या पोराची मला काळजी वाटते.

शेवटची ओळ माझ्या मनाची टाक: ‘काम झाल्यावर टेस्ट बटण दाबून दाखवतो.’ बटण दाबल्यावर घर अंधारात गेलं पाहिजे. गेलं नाही, तर आरसीसीबी एकतर मेलाय नाहीतर डायरेक्ट आहे. अर्थिंग बरोबर आहे की नाही हे त्या बटणाने कळत नाही, तेवढं गिऱ्हाइकाला सांग. हे सगळं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत कुणाकडून नीट लिहून घे. मराठी आणि हिंदीही बोलतोस, तेही घाल. आपल्याकडची पुष्कळ माणसं तिकडे आहेत.

मी रागाने लिहायला बसलो होतो. फोटोतली ती जोडणी खूप वेळ बघितली, वायर नीट वळवलेली, स्क्रू घट्ट, टेपसुद्धा सरळ. हात तुझाच आहे, हे लगेच कळलं. इतकं स्वच्छ काम करणारा पोरगा घाबरून असं करतो, तर त्याला तिकडे कुणी हाताखाली घेणारं नाही, हे आम्हा मोठ्यांना कळायला हवं होतं. अडलास तर रात्री-अपरात्री मला फोन कर, डीबीसमोर उभा राहून कर. मी घरीच असतो. मामी उचलेल आणि मला उठवेल.

माझा मेगर परवाच्या गाडीने शिवाच्या हाती पाठवतोय. जुना आहे, हाताने फिरवायचा, पण बरोबर दाखवतो. पण त्याची वाट न बघता एचएसआरला जा, त्या बाईंना खरं ते सांग आणि पैसे घेऊ नकोस. त्यांनी तारे काढून घेतले तर घेऊ देत. झालं की मला एक फोन कर. अक्काला मी सांगणार नाही.

दोन वेळचं जेवत जा. गणपतीला येतोस ना, ते कळव.

तुझा,
मामा