काच अर्ध्यात अडकली, तर बिघाड शोधायचा कुठे?



सहावी-सातवीच्या विज्ञानात आपण विद्युत परिपथ शिकवतो: सेल, बल्ब, कळ. मागच्या पावसाळ्यात खांदेश्वर स्टेशनबाहेर मुलीची वाट बघत उभे होतो आणि हाच धडा गाडीच्या दारात भेटला. ड्रायव्हरशेजारच्या दाराची काच वर घेताना आधी रखडली, मग अर्ध्यावर थांबली. बाहेर सरी चालू. पाचेक मिनिटांनी बटण दाबलं तर पुन्हा जराशी सरकली. खाली मात्र अगदी सुरळीत जात होती.

गॅरेजवाले दादा म्हणाले, "मोटर गेली, बदलू." शेजारचे काका म्हणाले, "फ्यूज बघा आधी." मी दोन्ही न करता घरी आले आणि लेकीला घेऊन बसले.

फ्यूजपासूनच सुरुवात केली, कारण तो तपासायला सोपा. डॅशबोर्डखाली झाकणाच्या आत असतो. कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. काचांचा बहुधा २० ते ३० अँपिअरचा. पण फ्यूजची तार एकतर सलग असते, नाहीतर वितळलेली. वितळली की काच हलतच नाही. म्हणजे हळू चालणारी काच फ्यूज शाबूत असल्याचंच सांगते. (आणि वितळलेलाच सापडला, तर त्याच आकड्याचा घाला. मोठा घातला तर वायर जळते.)

मग स्विच. शेजारच्या दाराची काच दोन ठिकाणांहून चालते: त्या दारावरच्या बटणाने आणि ड्रायव्हरच्या बटणाने. लेकीला म्हटलं, आता तू ड्रायव्हरच्या बाजूने दाब. काच एका दमात वर गेली! तीच मोटर, तेच रबर, तीच काच. बदललं फक्त बटण. मोटर खराब असती किंवा काचेच्या खाचेतलं रबर धुळीने घट्ट झालं असतं, तर दोन्हीकडून रखडली असती. त्यामुळे संशय एकट्या दारावरच्या स्विचवर आला.

मग खाली का नीट जात होती? स्विचमध्ये वर आणि खाली यांचे धातूचे संपर्क वेगवेगळे असतात. मोटरला प्रवाह उलटा दिला की ती उलटी फिरते, एवढंच. आमच्याकडे वरचाच संपर्क बिघडला होता.

खात्री करायला मल्टीमीटर लावला. इथे एक फसगत होते, ती मुलांना जरूर सांगा. मोटरचा कनेक्टर काढून मोजलं तर बॅटरीइतकेच, १२ च्या वर व्होल्ट दिसले. म्हणजे सगळं ठीक? नाही. प्रवाहच वाहत नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज पडत नाही. कनेक्टर जोडून, काच चालू असताना मोजलं, तेव्हा मोटरला जेमतेम ९ मिळत होते. समजा जोडाचा रोध ०.४ ओहम आणि प्रवाह ८ अँपिअर: ०.४ × ८ = ३.२ व्होल्ट वाटेतच संपले. मोटर अशक्त होते, काचेच्या वजनापुढे अडकते आणि अडकलेली मोटर तापते. अनेक मोटरींत तापल्यावर प्रवाह तोडणारी सोय असते. थंड झाली की पुन्हा चालते. पाच मिनिटांचं कोडं ते हेच.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून स्विच सोडवला. आत हिरवट-काळा थर होता. काच उघडी राहिली की पावसाचं पाणी तिथेच गळतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सुकू दिलं, जोडलं. काच तरतरीत वर! संपर्क खोलवर जळलेले असते तर मात्र स्विचच बदलावा लागला असता.

तुमची काच दोन्ही बटणांनी हळू चालत असेल, तर आधी रबराची खाच ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. दर वेळी नेमक्या एकाच जागी अडकत असेल, तर संशय रबरावर किंवा काच उचलणाऱ्या यंत्रणेवर. रबर साफ आहे, चालू असताना मोटरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचताहेत आणि तरी काच रखडते, तेव्हा मोटर किंवा ती यंत्रणा. ते दार उघडायचं काम गॅरेजचं. एका स्पर्शात आपोआप वर जाणाऱ्या काचा कंट्रोल युनिटवर चालतात, तिथे ही दोन बटणांची परीक्षा इतकी सरळ लागू पडत नाही. बॅटरी काढल्यावर त्यांना पुस्तिकेप्रमाणे पुन्हा सेट करावं लागू शकतं.

आणि हो, तपासताना मुलांनी बटण दाबावं, पण बोटं काचेवर ठेवू नयेत.