नावाची पट्टी नेटकी कशी करावी?

प्रश्न : लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यालगत आमची रोपवाटिका आहे. तिची जाहिरात प्रीमियर प्रोमध्ये करतो आहे. खालच्या पट्टीत मराठी अक्षरे तुटतात आणि प्रत्येक पट्टी वेगळीच दिसते. काय करावे?

उत्तर : आधी अक्षरांचे पाहू. Preferences मधील Graphics मध्ये जाऊन Text Engine म्हणून South Asian and Middle Eastern निवडा, मग नवी पट्टी करून ‘निर्मिती’ हा शब्द टाईप करा. वेलांटी आणि रफार जागेवर बसले, तर दुरुस्ती झाली. अक्षरांमधले अंतर (ट्रॅकिंग) शून्यच ठेवा; ते वाढवले की शिरोरेषा तुटते.

फॉन्ट एकच घ्या. मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही लिप्या असल्याने रोपाचे मराठी आणि शास्त्रीय नाव एकाच वळणात दिसते. फरक फक्त जाडीने दाखवा : ‘केशर आंबा, कलमी रोप’ ठळक, ५६ आकारात, खाली ‘लागवड : पावसाळ्याच्या सुरुवातीला’ साध्या जाडीत, ३८ आकारात. दोन ओळींत मोकळी जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

पार्श्वभूमीला पाने असतील, तर पांढरी अक्षरे हरवतात. त्यांच्यामागे गडद हिरवी सपाट पट्टी द्या. १९२० × १०८० च्या चौकटीत मजकूर डावीकडून किमान ९६ आणि खालून ५४ पिक्सेल आत ठेवा. उभ्या रीलसाठी तो बराच वर घ्या, कारण तळाशी ॲपची बटणे येतात.

पुढची प्रत्येक पट्टी नव्याने करू नका. पहिलीची प्रत काढून फक्त मजकूर बदला.